मालमत्तेच्या दस्तातले शब्द : प्रतिज्ञापत्र, कुलमुखत्यारपत्र आणि बाकीचे नेहमीचे प्रश्न

घर, प्लॉट किंवा शेतजमीन विकायची वेळ आली की कागद बहुतेक वेळा दोन भाषांतून समोर येतात. वकिलांचा मसुदा इंग्रजीत, दुय्यम निबंधक कार्यालयातले फॉर्म मराठीत, आणि घरातली चर्चा दोन्हींच्या मिश्रणात. दस्त तयार करताना पक्षकार जे विचारतात, त्यातले प्रश्न इथे घेतले आहेत. समजायला सोपे जावे म्हणून बहुतेक उत्तरांत एकच काल्पनिक उदाहरण धरले आहे. साताऱ्यातला एक प्लॉट आईच्या नावावर आहे. आई आता हयात नाही, वडील तिच्या आधीच वारले. तीन मुले आहेत : थोरला पुण्यात, धाकटा साताऱ्यात आणि बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला. आईने मृत्युपत्र केलेले नाही आणि तिघांना मिळून प्लॉट विकायचा आहे.

अ‍ॅफिडेव्हिटला मराठीत प्रतिज्ञापत्र म्हणायचे की शपथपत्र?

दोन्ही चालतात. महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांत, सेतू केंद्रांत आणि नोटरीकडे ‘प्रतिज्ञापत्र’ हा शब्द जास्त ऐकू येतो. ‘शपथपत्र’ न्यायालयीन कामात आणि निवडणुकीच्या बातम्यांत दिसतो. कागदाच्या डोक्यावर यातला कुठला शब्द आहे यावरून त्याची किंमत ठरत नाही. आत तीन गोष्टी असाव्या लागतात : सांगणाऱ्याची पूर्ण ओळख, सत्यप्रतिज्ञेवर केलेले कथन, आणि ती प्रतिज्ञा ज्याच्यासमोर झाली त्या नोटरीची किंवा अधिकाऱ्याची सही, शिक्का व तारीख. कथनाची सुरुवात साधारणपणे ‘मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ अशी असते.

शेवटी येणारे ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे’ हे वाक्य बहुतेक जण न वाचता सही करून मोकळे होतात. तिथे थोडे थांबा. स्वतः पाहिलेली गोष्ट आणि कोणाकडून कळलेली गोष्ट या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. आई कोणत्या तारखेला वारली हे धाकट्याला स्वतःला ठाऊक आहे. आजोबांनी 1962 साली प्लॉट कसा घेतला, हे त्याला कागद वाचून किंवा मामांकडून कळले आहे. चांगल्या प्रतिज्ञापत्रात कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीचे आणि कोणते कागदपत्रांवरून, हे वेगळे लिहिलेले असते. खोटे लिहिले तर खोटा पुरावा दिल्याचा गुन्हा होतो. ही फोड करून ठेवली तर सांगणाराही सुरक्षित राहतो.

मग हमीपत्र, घोषणापत्र, बंधपत्र हे सगळे त्याच जातीचे का?

नाही. त्यांची सरमिसळ सर्रास होते, आणि त्यामुळे कागद परत येतात.

प्रतिज्ञापत्र घडून गेलेल्या किंवा आज असलेल्या गोष्टीबद्दल असते. ‘आईला आम्ही तिघेच वारस आहोत’ हे प्रतिज्ञापत्राचे वाक्य. हमीपत्र पुढच्या काळाबद्दल असते : ‘ताबा देण्यापूर्वी नगरपालिकेची थकबाकी मी भरीन.’ क्षतिपूर्ती बंधपत्रात त्याच्याही पुढचे वचन असते : ‘चौथा वारस निघाला आणि खरेदीदाराचे नुकसान झाले, तर ते मी भरून देईन.’ घोषणापत्रात नुसते जाहीर कथन असते, त्याला शपथेची गरज असतेच असे नाही. आपल्या उदाहरणातला खरेदीदार सावध असेल, तर तो वारसांबद्दल प्रतिज्ञापत्रही मागेल आणि बंधपत्रही. पहिल्यातून त्याला वस्तुस्थिती मिळते, दुसऱ्यातून ती खोटी निघाली तर पैसे मागण्याची जागा.

बँका आणि सोसायट्या कधी कधी या चारही गोष्टी एकाच कागदात कोंबतात आणि वर ‘अ‍ॅफिडेव्हिट कम अंडरटेकिंग’ लिहितात. मराठीत त्याला ‘प्रतिज्ञापत्र व हमीपत्र’ म्हणावे, आणि कथन व हमी यांचे परिच्छेद वेगळे ठेवावेत.

बहिणीने प्रतिज्ञापत्रावर ‘मला हिस्सा नको’ लिहून दिले. पुरेल का?

पुरणार नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क प्रतिज्ञापत्राने जात नाही. नोटरीसमोर केलेल्या ‘संमतीपत्रा’नेही जात नाही. त्यासाठी हक्कसोडपत्र लागते, आणि नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 17 प्रमाणे ते नोंदवावेच लागते. नोंदणी झाली नाही तर कलम 49 आडवे येते : तो कागद मालमत्तेवर परिणाम करू शकत नाही.

इथे नेहमी होणारी गफलत सांगतो. भावंडे विश्वासाने नोटरीचा कागद करतात, तो बासनात ठेवतात, आणि दहा-बारा वर्षांनी विक्रीच्या वेळी खरेदीदाराचे वकील विचारतात, ‘बहिणीची सही कुठे आहे?’ तोवर बहीण वारलेली असेल तर तिच्या मुलांच्या सह्या लागतात. हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र यांतही फरक आहे. हक्कसोडपत्र सहहिस्सेदार दुसऱ्या सहहिस्सेदाराला देतो. बहिणीला आपला हिस्सा भावाच्या मुलाला द्यायचा असेल तर, भाऊ हयात असताना तो मुलगा सहहिस्सेदार नसल्याने, तिथे बक्षीसपत्र लागेल.

पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीला ‘वकीलपत्र’ का म्हणत नाहीत?

कारण वकीलपत्र वेगळे आहे. न्यायालयात आपली बाजू मांडण्यासाठी वकिलाला जे दिले जाते ते वकीलपत्र. आपल्या वतीने व्यवहार करण्यासाठी कोणालाही जो अधिकार दिला जातो ते मुखत्यारपत्र, आणि ज्याला तो दिला तो मुखत्यार. मुखत्यार वकील असण्याची गरज नाही. आपल्या उदाहरणात बहीण धाकट्या भावाला मुखत्यार नेमते.

‘कुलमुखत्यारपत्र’ यातला ‘कुल’ म्हणजे सगळा. कुटुंबाशी त्याचा संबंध नाही. कामकाज सांभाळण्याचे सर्वसाधारण अधिकार ज्यात असतात ते कुलमुखत्यारपत्र, आणि एखाद्या ठरावीक कामापुरते ते खास किंवा विशेष मुखत्यारपत्र. बोलताना मात्र लोक सगळ्यालाच कुलमुखत्यारपत्र म्हणतात, नोंदणी कार्यालयाच्या फॉर्मवरही तोच शब्द असतो. म्हणून शीर्षकावर विसंबू नका, आतली अधिकारांची कलमे वाचा.

आत नेमके कोणते अधिकार लिहिलेले असावेत?

न्यायालये मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतात. जे स्पष्ट लिहिले नाही ते दिलेले नाही, असे धरूनच चालावे. ‘मिळकतीची सर्व व्यवस्था पाहणे’ एवढ्या शब्दांनी विकण्याचा अधिकार मिळत नाही. ‘विक्रीची बोलणी करणे’ यातही विक्री येत नाही.

साताऱ्याच्या प्लॉटसाठी बहिणीच्या कागदात हे अधिकार एकेक करून यायला हवेत : साठेखत आणि खरेदीखत लिहून देणे, त्यावर सही करणे, दस्त दुय्यम निबंधकासमोर नोंदणीसाठी सादर करणे, तिथे कबुलीजबाब देणे, मिळकत पत्रिकेवर वारसनोंद करून घेण्यासाठी अर्ज व जबाब देणे, ताबा देणे आणि मोबदला स्वीकारणे. शेवटचा मुद्दा मुद्दाम ठरवून घ्या. बहिणीला तिच्या हिश्श्याची रक्कम थेट स्वतःच्या बँक खात्यात हवी असेल, तर भावाला मोबदला स्वीकारण्याचा अधिकार देऊ नये. उलट, रक्कम कोणत्या खात्यात जमा व्हावी हे तिथेच लिहावे. भावंडांत बोलायला अवघड वाटते म्हणून ही ओळ टाळली जाते, आणि पुढची बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

मिळकतीचे वर्णनही पूर्ण हवे : सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा. ‘माझी सातारा येथील मिळकत’ एवढ्यावर नोंदणीच्या वेळी काम अडते.

बहीण अमेरिकेत आहे. तिने कागद कुठे सही करायचा?

इथे नोंदणी अधिनियमाचे कलम 33 महत्त्वाचे. नोंदणीच्या कामासाठी दिलेले मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती भारतात राहत असेल, तर ते ती राहते त्या भागातल्या दुय्यम निबंधकासमोर करून त्याच्याकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. पुण्यातला थोरला भाऊ साताऱ्याला येऊ शकत नसेल तर त्याला हे लागू. फक्त नोटरीचा शिक्का त्याच्या बाबतीत चालणार नाही. देणारी व्यक्ती परदेशात राहत असेल, तर तिथला नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वाणिज्य दूत यांच्यासमोर केलेले मुखत्यारपत्र ग्राह्य धरले जाते.

व्यवहारात बहिणीला दोन वाटा आहेत. ती न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात कागद साक्षांकित करून घेऊ शकते, किंवा न्यू जर्सीतल्या नोटरीसमोर सही करून त्यावर त्या राज्याचे अपॉस्टिल, म्हणजे नोटरीची सही व शिक्का खरा असल्याचे सरकारी प्रमाणपत्र, लावून घेऊ शकते. तिचा फोटो, पासपोर्टची प्रत आणि प्रत्येक पानावर सही असावी.

पुढचा टप्पा पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. राज्याबाहेर केलेल्या दस्तावर, तो महाराष्ट्रात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. म्हणून कुरिअरचे पाकीट आणि पोहोच जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच असतो. कागद मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात अभिनिर्णयासाठी दिला की किती शुल्क लागेल ते ठरवून मिळते. विक्रीचा अधिकार मोबदला न घेता सख्ख्या भावाला दिला असेल तर शुल्क 500 रुपये. तोच अधिकार मित्राला किंवा दलालाला दिला, तर बाजारभावावर खरेदीखताइतके शुल्क बसते.

दुय्यम निबंधक मुखत्याराकडून वेगळे घोषणापत्र का घेतात?

मुखत्यारपत्राची जान त्याच्या मूळ मालकात असते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम 201 प्रमाणे, देणारा वारला की मुखत्याराचा अधिकारही संपतो. पण कागदाकडे पाहून हे कळत नाही. म्हणून ‘कुलमुखत्यारपत्र धारकाचे घोषणापत्र’ या नावाच्या छापील फॉर्मवर मुखत्याराला लिहून द्यावे लागते की मुखत्यारपत्र रद्द केलेले नाही, लिहून देणाऱ्यांपैकी कोणीही मयत नाही आणि ते आजही वैध आहे. हे खोटे निघाले तर नोंदणी अधिनियमाच्या कलम 82 खाली शिक्षा होऊ शकते, असेही त्याच फॉर्मवर असते. तो सही करण्यापूर्वी बहिणीला त्या दिवशी फोन करणे ही औपचारिकता समजू नका.

त्याच फॉर्मवर दोन शब्द अडखळायला लावतात. ‘निष्पादित करणे’ म्हणजे दस्त सही करून पुरा करणे, म्हणजेच ‘लिहून देणे’. ‘कबुलीजबाब’ म्हणजे निबंधकासमोर ‘हो, हा दस्त मी लिहून दिला आहे’ असे सांगणे. गुन्ह्याच्या कबुलीशी त्याचा काही संबंध नाही.

‘रद्द न होणारे’ असे लिहिले तर मुखत्यारपत्र खरेच रद्द होत नाही का?

नुसते लिहून नाही. करार अधिनियमाच्या कलम 202 प्रमाणे, त्या मिळकतीत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल तरच देणाऱ्याला ते एकतर्फी मागे घेता येत नाही. भावाला फक्त सोयीसाठी नेमले असेल, तर ‘रद्द न होणारे’ हे शब्द असूनही बहीण ते रद्द करू शकते. रद्द करताना मात्र तिने मुखत्याराला लेखी कळवावे, खरेदीदार ठरला असेल तर त्यालाही कळवावे, आणि मूळ मुखत्यारपत्र नोंदणीकृत असेल तर रद्दलेखही नोंदवावा.

कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत घेऊन प्लॉट विकत घेतला. मालक झालो का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात हे स्पष्ट केले आहे : मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांची गड्डी घेतल्याने मालकी येत नाही. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. साठेखत म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार. विसार पावती त्याच्याही आधीची, बयाणा मिळाल्याची पोच. हे तीन कागद तीन पायऱ्या आहेत, आणि गुंठेवारीच्या भागांत लोक पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरच ‘घेतला’ असे म्हणतात.

इंग्रजी मसुद्याचे मराठी करताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

शब्दकोश उघडून पहिला अर्थ उचलला की होतात. मालमत्तेच्या संदर्भात ‘टायटल’ म्हणजे मालकी हक्क, शीर्षक नव्हे. ‘कन्सिडरेशन’ म्हणजे मोबदला, कायद्याच्या भाषेत प्रतिफल. तिथे ‘विचार’ लिहिलेले दस्त पाहण्यात आहेत. ‘एक्झिक्यूशन’ला कोणी ‘अंमलबजावणी’ लिहिले तर अर्थच फिरतो : ‘या दस्ताची अंमलबजावणी अमुक तारखेला’ म्हणजे दस्त त्या दिवशी लागू झाला, असे वाचणाऱ्याला वाटते. सांगायचे असते ते एवढेच की सही त्या दिवशी झाली. ‘मायनर’ला दस्तात आणि सातबाऱ्यावर ‘अज्ञान’ म्हणतात, त्यावरून कोणी हिरमुसू नये. अठरा पूर्ण झाले की ती व्यक्ती ‘सज्ञान’. ‘एन्कम्ब्रन्स’ म्हणजे बोजा किंवा जडजोखीम.

जुन्या खरेदीखतांतली मराठी या बाबतीत फार भक्कम आहे. मिळकत ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’ दिली, असे त्यात असते. म्हणजे पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीखाली सापडेल ते सगळे. विक्रेता पुढे लिहितो की ही मिळकत ‘गहाण, दान, बक्षीस, लीज, लीन, पोटगी, अन्नवस्त्र, जप्ती, जामीन’ अशा कोणत्याही जडजोखमीत गुंतवलेली नाही. यातला ‘अन्नवस्त्र’ हा शब्द पुष्कळ लोक जुनाट म्हणून गाळतात. मला ते चूक वाटते. घरातल्या विधवेचा किंवा अवलंबून असलेल्या नातेवाइकाचा पोषणाचा हक्क मिळकतीवर असू शकतो, आणि तो नाही असे विक्रेत्याकडून लिहून घेणे खरेदीदाराच्या फायद्याचे असते. मसुदा नव्या मराठीत करा, पण असे अर्थपूर्ण शब्द काढण्यापूर्वी वकिलांना विचारा.

खरेदीखतात बहिणीचे नाव यायला हवे की भावाचे?

दोघांची, पण वेगवेगळ्या भूमिकांत. ‘लिहून देणार’ म्हणून बहिणीचेच नाव येते, आणि त्याखाली ‘यांचे तर्फे कुलमुखत्यार म्हणून’ असे लिहून भावाचे. धाकटा स्वतःही वारस असल्यामुळे तो दोन सह्या करतो : एक स्वतःकरिता, दुसरी बहिणीचा मुखत्यार म्हणून. एकच सही झाली आणि खाली काही लिहिले नाही, तर बहिणीच्या हिश्श्याचे काय, हा प्रश्न उभा राहतो.

बरोबर झाले की नाही हे नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनवर, म्हणजे इंडेक्स टूवर, पाहता येते. त्यातल्या पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार असतो, दुसऱ्यात मोबदला, तिसऱ्यात बाजारभाव. सातव्या रकान्यात दस्तऐवज करून देणाऱ्या पक्षकारांची नावे आणि आठव्यात करून घेणाऱ्यांची. सातव्यात तिन्ही भावंडांची नावे आहेत का ते तिथल्या तिथे वाचा. नाव राहिले असेल, तर सगळे पक्षकार हाताशी असतानाच चूक दुरुस्ती पत्र करणे सोपे जाते. शब्द लिहिण्याची चूक त्याने दुरुस्त होते. ज्याने हिस्सा दिलेलाच नाही, त्याचा हिस्सा मात्र दुरुस्ती पत्राने येत नाही. त्यासाठी नवा दस्त लागतो.

बहिणीच्या वतीने भाऊ प्रतिज्ञापत्रही करू शकतो का?

मुखत्यार म्हणून त्याने स्वतः केलेल्या गोष्टींबद्दल करू शकतो. बहिणीच्या स्वतःच्या माहितीतल्या गोष्टींबद्दल नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 सालच्या जानकी भोजवानी प्रकरणाच्या निकालात म्हटले आहे की, जी गोष्ट मूळ व्यक्तीलाच ठाऊक आहे तिची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. ‘मी यापूर्वी माझा हिस्सा कोणालाही दिलेला नाही’ हे बहिणीचे कथन आहे. त्याचे प्रतिज्ञापत्र तिनेच, न्यू जर्सीत, मुखत्यारपत्राबरोबर त्याच दिवशी करून पाठवावे. दोन्हींसाठी एकच फेरी पुरते.

दस्त इंग्रजीत करायचा की मराठीत?

महाराष्ट्रात दोन्ही चालतात. नोंदणी अधिनियमाच्या कलम 19 प्रमाणे, निबंधकाला न समजणाऱ्या आणि त्या जिल्ह्यात सर्वसाधारणपणे न वापरल्या जाणाऱ्या भाषेतला दस्त खऱ्या भाषांतराशिवाय नोंदवला जात नाही. बेळगावहून कन्नडमध्ये किंवा सुरतेहून गुजरातीत केलेले मुखत्यारपत्र साताऱ्यात आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. बहिणीचे मुखत्यारपत्र इंग्रजीतच असू द्या, कारण तिथल्या नोटरीलाही ते वाचता यायला हवे. खरेदीखत मराठीत करा, सही करणाऱ्या तिघांनाही ते न विचारता वाचता येईल. एकाच दस्ताची दोन्ही भाषांत प्रत केली, तर फरक पडल्यास कोणती प्रत ग्राह्य धरायची, याचे कलम दोन्हींत लिहून ठेवा.